दुकानदारासाठी सॉफ्टवेअरचे माहितीपत्रक : अवघड शब्दांमागची उत्तरे

सांगलीच्या गणपती पेठेतील किंवा मार्केट यार्डातील एखाद्या व्यापाऱ्याकडे बिलिंग सॉफ्टवेअर विकणारा प्रतिनिधी येतो आणि जाताना एक माहितीपत्रक ठेवून जातो. त्यावर बहुधा असे एक वाक्य असते : ‘क्लाउड-बेस्ड, मल्टि-युजर सोल्युशन, रिअल-टाइम सिंक, ऑटो बॅकअप, एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आणि ९९.९ टक्के अपटाइम.’ व्यापारी ते वाचतो, बाजूला ठेवतो आणि प्रतिनिधीला एकच प्रश्न विचारतो, ‘वर्षाला किती पडतील?’ दोन कंपन्यांच्या पत्रकांवर हेच शब्द असल्यामुळे त्याच्या दृष्टीने दोन्ही सॉफ्टवेअर सारखीच ठरतात आणि तुलना करण्यासाठी किंमत तेवढी उरते. ज्या कंपनीने आपल्या कामावर अधिक मेहनत घेतली आहे, तिचे यात सर्वाधिक नुकसान होते, कारण तिची मेहनत ज्या शब्दांत सांगितली आहे ते शब्द कोणीही छापू शकतो.

यावर सहसा केला जाणारा उपाय म्हणजे प्रत्येक शब्दापुढे त्याची व्याख्या देणे. ‘क्लाउड म्हणजे इंटरनेटवरून वापरता येणारा, दुसऱ्या ठिकाणी असलेला संगणक’ ही व्याख्या अचूक आहे, परंतु ती वाचूनही व्यापाऱ्याला काही ठरवता येत नाही. त्याच्या मनातले प्रश्न दुकानातील एखाद्या ठरावीक दिवसाविषयी असतात : नेट गेले तर बिल निघेल का, संगणक बिघडला तर उधारीची यादी कुठून मिळेल, माझे दर आणि गिऱ्हाइके दुसऱ्या कोणाला दिसतील का. म्हणून माझ्या मते पत्रक लिहिणाऱ्याने शब्दकोश बाजूला ठेवून आधी कंपनीतील तंत्रज्ञाकडे जावे, प्रत्येक शब्दासाठी ‘अमुक घडले तर दुकानात काय होईल?’ असे विचारावे आणि वेळ, संख्या व करणारी व्यक्ती यांसह उत्तर मिळेपर्यंत तिथून उठू नये. हे काम वाटते त्यापेक्षा अवघड आहे, कारण काही प्रश्नांची उत्तरे कंपनीने स्वतःलाही कधी विचारलेली नसतात.

उदाहरणासाठी एक पेढी धरू. गणपती पेठेत हळद आणि मसाल्यांचे दुकान आहे, मार्केट यार्डात गोदाम आहे, दोन्ही ठिकाणी एकेक संगणक आहे आणि दिवसाला सुमारे १५० बिले होतात. मालक स्वतः गल्ल्यावर बसतात, दिवाणजी रोजमेळ आणि खतावणी सांभाळतात आणि कर सल्लागार महिन्यातून एकदा आकडे मागतात. या पेढीला ‘ऑटो बॅकअप’ कसा समजावून सांगायचा, ते आधी पाहू.

ऑटो बॅकअप हे शब्द ऐकल्यावर मालक असे समजतात की आता काहीच हरवणार नाही. प्रत्यक्षात या दोन शब्दांमागे चार वेगवेगळ्या गोष्टी असतात : हिशोबाची प्रत किती वेळाने घेतली जाते, ती कुठे ठेवली जाते, किती दिवसांपूर्वीपर्यंतच्या प्रती जपल्या जातात आणि त्या प्रतीवरून काम पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागतो. समजा, प्रत रोज मध्यरात्री दोन वाजता घेतली जाते. मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता सर्व्हरची डिस्क निकामी झाली, तर हाताशी असलेली शेवटची प्रत पहाटेपूर्वीची आहे. म्हणजे मंगळवारच्या दिवसभराची सगळी बिले गेली आणि ती छापील प्रतींवरून पुन्हा भरावी लागतील. त्यांपैकी ज्या उधारीच्या बिलाची दुकानप्रत सापडणार नाही, ते पैसे बुडण्याची शक्यता आहे. जी कंपनी दर पंधरा मिनिटांनी नवीन नोंदींची प्रत घेते, तिच्या बाबतीत हेच नुकसान चार-दोन बिलांपुरते राहते. दोन्ही कंपन्यांच्या पत्रकांवर मात्र ‘ऑटो बॅकअप’ असेच छापलेले असते.

प्रत कुठे ठेवली आहे, हा प्रश्न सांगलीकरांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि बाजारपेठेच्या मोठ्या भागात पाणी शिरले. दुकानातील संगणक आणि त्याच दुकानाच्या कपाटात ठेवलेला पेनड्राइव्ह अशा वेळी एकाच पाण्यात जातात. क्लाउडचा इथे खरा फायदा असा की हिशोब मुळातच दुकानाबाहेर, दुसऱ्या शहरातील सर्व्हरवर असतो. परंतु तेवढ्यावर थांबणे प्रामाणिकपणाचे नाही. मूळ हिशोब आणि त्याची प्रत दोन्ही एकाच सर्व्हरवर असतील, तर दुकानातला धोका फक्त तिकडे हलवला गेला. म्हणून पत्रकात प्रत मूळ जागेहून वेगळ्या ठिकाणी आहे की नाही, हे स्पष्ट यायला हवे.

जुन्या प्रती किती दिवस जपल्या जातात, हा मुद्दा बहुतेक पत्रकांतून पूर्णपणे सुटतो, आणि नेमक्या याच ठिकाणी ‘सिंक’ आणि ‘बॅकअप’ या दोन शब्दांची गल्लत होते. सिंक म्हणजे एका संगणकावर केलेला बदल दुसरीकडे पोहोचवणे. दुकानातील एखाद्या मुलाने चुकून गिऱ्हाइकाचे संपूर्ण खाते पुसले, तर ते पुसणेही काही सेकंदांत गोदामातील संगणकावर पोहोचते आणि खाते दोन्हीकडून नाहीसे होते. चूक दहा दिवसांनी, वसुलीला निघताना लक्षात आली आणि कंपनी फक्त गेल्या सात दिवसांच्या प्रती ठेवत असेल, तर त्या खात्यासाठी बॅकअप असून नसल्यासारखा आहे. तीस दिवसांच्या प्रती असतील, तर ते खाते परत आणता येते.

शेवटचा भाग परत उभारणीचा. प्रत घेतली जाते, पण ती उघडून, तिच्यावरून काम सुरू करून कोणी कधी पाहिलेलेच नसते, अशी अवस्था लहान कंपन्यांत दुर्मीळ नाही. अर्धवट लिहिली गेलेली प्रत बाहेरून चांगल्या प्रतीसारखीच दिसते. व्यापाऱ्याने यासाठी विचारण्याजोगा प्रश्न अगदी साधा आहे : ‘बॅकअपवरून हिशोब परत उभा करून तुम्ही शेवटचे कधी पाहिलेत आणि त्याला किती वेळ लागला?’ ज्या कंपनीकडे तारीख आणि तास आहेत, तिने ते पत्रकातच छापावेत. या सगळ्यातून ‘ऑटो बॅकअप’ या दोन शब्दांच्या जागी पुढील मजकूर येतो :

‘तुमच्या हिशोबाची प्रत दर पंधरा मिनिटांनी आपोआप घेतली जाते आणि ती मूळ सर्व्हरपासून वेगळ्या शहरात ठेवली जाते. मोठा बिघाड झाला, तर जास्तीत जास्त शेवटच्या पंधरा मिनिटांतील बिले पुन्हा भरावी लागतील आणि चार तासांत काम पुन्हा सुरू होईल. चुकून पुसलेले खाते तीस दिवसांच्या आत कळवल्यास आम्ही परत आणून देतो.’

मजकूर लांबला, हे खरे आहे. परंतु यातील प्रत्येक आकडा व्यापारी पुढे करून जाब विचारू शकतो, आणि म्हणूनच त्याचा विश्वास बसतो. तंत्रज्ञाला हे वाक्य दाखवल्यावर तो ‘पंधरा मिनिटे नको, दिवसातून एकदा असे लिहा’ म्हणाला, तर लिहिणाऱ्याने तसेच लिहावे. मग कंपनीच्या मालकांना ते वाचून अस्वस्थ वाटेल आणि प्रती घेण्याची पद्धत सुधारली जाईल. सोप्या भाषेचा हा परिणाम मला गिऱ्हाईक मिळण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आता ‘रिअल-टाइम सिंक’ घेऊ. पत्रक वाचणाऱ्याला यातून दुकानात बिल झाले की गोदामातील शिल्लक लगेच कमी होते, असे चित्र दिसते, आणि नेट सुरू असेपर्यंत ते बरोबर असते. नेट बंद पडल्यावर काय होते, हे सांगणे आवश्यक आहे. काही सॉफ्टवेअर अशा वेळी पूर्ण थांबते. काही सॉफ्टवेअर संगणकावरच बिल करू देते आणि नेट आल्यावर ते वर पाठवते. दुसरा प्रकार व्यापाऱ्याला अर्थातच हवासा वाटतो, परंतु त्याच्या मर्यादा आधी सांगितल्या नाहीत तर भांडण ठरलेले असते. आपल्या पेढीत सकाळी हळदीची ४० पोती शिल्लक होती आणि नेट गेले. पेठेतील दुकानाने २५ पोती विकली, यार्डातूनही २५ विकली गेली आणि दोन्ही संगणकांना आपापल्या हिशोबाने १५ पोती शिल्लक दिसत राहिली. नेट आल्यावर शिल्लक उणे १० दाखवली जाते आणि मालकांना वाटते की सॉफ्टवेअर चुकले. सॉफ्टवेअरने गणित बरोबर केलेले असते. त्याला मधल्या वेळेत दुसऱ्या ठिकाणची विक्री कळलेली नसते, इतकेच.

याहून नाजूक गोष्ट बिलाच्या क्रमांकाची आहे. जीएसटीच्या नियमांनुसार बिलाचा क्रमांक सलग असावा लागतो, एका आर्थिक वर्षात तो पुन्हा येऊन चालत नाही आणि त्यात सोळापेक्षा जास्त अक्षरे असू शकत नाहीत. नेट बंद असताना दोन्ही संगणक ४११ नंतर ४१२ हाच क्रमांक देऊ लागले, तर एकाच क्रमांकाची दोन बिले दोन गिऱ्हाइकांच्या हातात जातात आणि ही गोष्ट विवरणपत्र भरताना कर सल्लागाराच्या लक्षात येते. नियमांत एकापेक्षा अधिक क्रममालिका ठेवण्याची मुभा आहे, त्यामुळे यावरचा उपाय सरळ आहे : प्रत्येक ठिकाणाला स्वतःची मालिका द्यायची.

```
G/25-26/0412
M/25-26/0412
```

पहिला क्रमांक गणपती पेठेचा, दुसरा मार्केट यार्डाचा. दोन्ही बारा अक्षरांत बसतात आणि नेट असो वा नसो, ते एकमेकांशी भिडत नाहीत. हे सॉफ्टवेअर बसवतानाच ठरवावे लागते, वर्षाच्या मध्यात बदलणे त्रासाचे असते, म्हणून ते पत्रकात किंवा निदान पहिल्या भेटीत बोलले गेले पाहिजे.

नेटशिवाय बिल करता येते, या विधानाला आणखी एक अपवाद आहे आणि तो लपवल्यास व्यापारी खरोखर अडचणीत येऊ शकतो. २०१७-१८ पासून कोणत्याही आर्थिक वर्षात ज्यांची उलाढाल ५ कोटी रुपयांच्या वर गेली आहे, अशा बहुतेक व्यापाऱ्यांना जीएसटी क्रमांक असलेल्या गिऱ्हाइकाला दिलेल्या बिलाची नोंद सरकारी पोर्टलवर करून तिथून नोंद क्रमांक आणि क्यूआर कोड घ्यावा लागतो. यालाच ई-इनव्हॉइस म्हणतात. हा क्रमांक पोर्टलकडून येत असल्यामुळे नेट नसताना तो मिळूच शकत नाही, आणि त्याच्याशिवाय असे बिल ग्राह्य धरले जात नाही. किरकोळ गिऱ्हाइकाच्या बिलाला ही अट नाही. म्हणून पत्रकातील मजकूर असा हवा : ‘नेट बंद असले तरी बिल निघते आणि नेट आल्यावर दोन्ही ठिकाणांचा हिशोब जुळतो. मधल्या वेळेत दुसऱ्या ठिकाणची शिल्लक जुनी दिसेल. ई-इनव्हॉइस लागू असलेल्या व्यापाऱ्यांचे घाऊक बिल मात्र नेट आल्यावरच पूर्ण होईल.’

‘९९.९ टक्के अपटाइम’ याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, एका भागाकाराने ते उलगडते. वर्षाचे ८,७६० तास असतात आणि त्याचा हजारावा भाग पावणेनऊ तासांच्या आसपास येतो. म्हणजे वर्षभरात एवढा वेळ सर्व्हर बंद राहिला तरी कंपनीने दिलेला शब्द पाळला गेला, असेच मोजले जाते. हे तास रात्री दोन वाजता गेले तर कोणाला कळणारही नाही, परंतु ३१ मार्चच्या दुपारी गेले तर सगळ्या बाजारात चर्चा होईल. शिवाय हा आकडा कंपनीच्या सर्व्हरचा असतो, दुकानातली वीज किंवा नेट यांच्याशी त्याचा संबंध नसतो. ‘आमचा सर्व्हर वर्षभरात साधारण नऊ तासांपेक्षा जास्त बंद राहणार नाही आणि दुरुस्तीसाठी तो बंद ठेवायचा असेल तर आम्ही रात्री अकरानंतर आणि दोन दिवस आधी कळवून ठेवू’ हे वाक्य टक्केवारीपेक्षा कितीतरी अधिक सांगते.

एन्क्रिप्शनपाशी मात्र थांबावे लागते, कारण सोपे करण्याच्या नादात इथे सर्वाधिक खोटे बोलले जाते, आणि तेही बऱ्याचदा नकळत. ‘तुमचा हिशोब बँकेच्या लॉकरइतका सुरक्षित’ ही उपमा पत्रकांत सर्रास दिसते. ती सोपी आहे, पण लॉकर गिऱ्हाइकाच्या किल्लीशिवाय बँकेला सहसा उघडता येत नाही, आणि बिलिंग सॉफ्टवेअरच्या बाबतीत किल्ली बहुतेक वेळा कंपनीकडेच असते. एन्क्रिप्शन म्हणजे मजकूर अशा रूपात बदलणे, की योग्य किल्ली असल्याशिवाय तो वाचता येऊ नये. दुकानापासून सर्व्हरपर्यंत जाताना हिशोब असा बदललेला असतो, त्यामुळे वाटेत कोणाला वाचता येत नाही. सर्व्हरच्या डिस्कवरही तो बदललेल्या रूपात ठेवता येतो, त्यामुळे डिस्क चोरीला गेली तरी उपयोग होत नाही. परंतु सर्व्हरवरच येणे-देणे काढले जात असेल, विवरणपत्राचे आकडे तयार होत असतील, तर सर्व्हरला तो हिशोब वाचता यायलाच हवा. ‘एंड-टू-एंड’ या शब्दांचा तांत्रिक अर्थ दोन टोकांखेरीज मध्ये कोणालाही, अगदी कंपनीलाही, वाचता न येणे असा आहे. म्हणून सर्व्हरवर अहवाल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने हे शब्द छापणे चुकीचे आहे.

व्यापाऱ्याची भीती काय आहे, हे लक्षात घेतले की लिहायचे काय ते आपोआप कळते. परदेशातील कोणी चोर त्याच्या डोळ्यांपुढे नसतो. पलीकडच्या गल्लीतील स्पर्धकाला आपले खरेदीचे दर किंवा गिऱ्हाइकांची यादी कळेल, कंपनीत काम करणारा मुलगा उद्या दुसऱ्या पेढीवर जाईल आणि ती घेऊन जाईल, ही त्याची काळजी असते, आणि ती रास्त आहे. तिला उत्तर असे असावे : ‘तुमचा हिशोब वाटेत आणि साठवलेल्या जागी कुलूपबंद असतो. तो उघडण्याची परवानगी आमच्या दोन तंत्रज्ञांना आहे. तुम्ही मदत मागितल्यावर, तुमच्या मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितल्यानंतरच ते तो पाहतात, आणि कोणी, केव्हा, काय पाहिले याची यादी तुम्हाला तुमच्या पडद्यावर दिसते.’ कंपनीत अशी व्यवस्था नसेल, तर सगळ्यांत आधी ती उभी करावी लागेल.

सॉफ्टवेअर सोडण्याचा प्रश्न पत्रकात सहसा नसतो, कारण विकतानाच सोडण्याबद्दल बोलणे विक्रेत्याला अशुभ वाटते. व्यापारी मात्र त्याचा विचार करत असतो. जीएसटी कायद्यानुसार हिशोबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे जपावी लागतात. वर्गणी बंद केल्यावर कंपनीने दार लावून घेतले, तर ही जबाबदारी व्यापाऱ्याच्या गळ्यात राहते आणि कागद दुसऱ्याकडे अडकतात. फक्त पीडीएफ देऊन भागत नाही, कारण बिले पाहता येतात पण दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरता येत नाहीत. बिलांच्या पीडीएफ आणि खतावणी, मालाची यादी व येणे-देणे एक्सेलमध्ये, असे दोन्ही द्यावे लागते. हे पत्रकात स्पष्ट लिहिणारी कंपनी गिऱ्हाईक गमावत नाही, असा माझा अनुभव आहे. जायचा रस्ता मोकळा दिसला की माणूस यायला कचरत नाही.

सोपे लिहिताना उलट बाजूची चूकही होते. जीएसटी, एचएसएन, ई-वे बिल, यूपीआय, ओटीपी हे शब्द इंग्रजीतून आलेले आहेत म्हणून लिहिणारा त्यांचे स्पष्टीकरण देत बसतो, जेव्हा व्यापारी ते रोज वापरतो आणि तंत्रज्ञापेक्षा अधिक जाणतो. अडत, तोलाई, हमाली, बारदान, रोजमेळ, खतावणी हे त्याचे स्वतःचे शब्द आहेत. पडद्यावर ‘पार्टी लेजर’ असेल आणि दिवाणजी त्याला खतावणी म्हणत असतील, तर पत्रकात खतावणी लिहून कंसाशिवाय, सरळ वाक्यात ‘पडद्यावर हे पार्टी लेजर या नावाने दिसेल’ असे सांगावे.

मजकूर तयार झाल्यावर तो समजतो की नाही हे पाहण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. ‘समजले का?’ असे विचारल्यास आपल्याकडे माणूस भिडेपोटी ‘हो, समजले की’ असे म्हणतो आणि चहा मागवतो. त्याऐवजी पत्रक वाचून झाल्यावर एक प्रसंग पुढे ठेवावा : ‘काका, उद्या दुपारी तीन वाजता नेट गेले आणि मिरजेचे घाऊक गिऱ्हाईक समोर उभे आहे, तर तुम्ही काय कराल?’ त्यांच्या उत्तरात ते बिल काढतील की थांबतील, शिल्लक पडद्यावर बघतील की गोदामात फोन करतील, यावरून कोणते वाक्य पोहोचले नाही ते लगेच कळते. तीन-चार दुकानांत एकाच वाक्यावर लोक अडले, तर ते वाक्य बदलायला हवे. तंत्रज्ञाला ते कितीही अचूक वाटत असले तरी त्याचा उपयोग होत नाही.

मूळ तांत्रिक शब्द यानंतर फेकून द्यावेत, असे मात्र मी म्हणणार नाही. लहान पेढीत निर्णय मालक घेतात, पण त्याआधी ते पत्रक कर सल्लागाराला आणि पुण्यात शिकणाऱ्या मुलाला किंवा पुतण्याला दाखवतात. त्या दोघांना सर्व्हर कुठे आहे, कोणत्या प्रकारचे एन्क्रिप्शन आहे, विवरणपत्राची फाइल कोणत्या स्वरूपात निघते, हे नेमक्या शब्दांत हवे असते, आणि ते दिसले नाही तर त्यांना शंका येते. त्यांच्यासाठी पत्रकाच्या मागच्या पानावर तोच मजकूर तांत्रिक भाषेत, पुढच्या पानावरील क्रमानेच छापावा आणि दोन्ही पानांवरचे आकडे तंतोतंत सारखे आहेत ना, हे छपाईला देण्याआधी एकदा तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे.